केतूची महादशा लागली आहे? सात वर्षं कशी वाचायची, पायरी-पायरीने

"तुम्हाला आता केतू लागतोय" हे वाक्य ऐकून ज्योतिषाच्या घरातून बाहेर पडलेला माणूस पहिल्यांदा मोबाइल काढतो आणि शोधायला लागतो. समोर येतं ते सगळं एकाच सुरातलं असतं: नोकरी जाणार, घटस्फोट होणार, नाहीतर थेट मोक्ष मिळणार. महादशा म्हणजे पत्रिकेप्रमाणे आयुष्यातला एका ग्रहाच्या अंमलाखालचा काळ, केतूचा सात वर्षांचा. तिच्यातल्या लहान तुकड्यांना अंतर्दशा म्हणतात. मी या दशेतून गेलोय. आता तिच्यातली शेवटची, बुधाची अंतर्दशा चालू आहे. नाशिकमध्येच जन्म, नाशिकमध्येच नोकरी, आणि दशेच्या निमित्ताने पत्रिका वाचायला शिकलो. व्यावसायिक ज्योतिषी नाही. पण ज्यांना केतू नुकताच लागलाय किंवा लागणार आहे, त्यांनी आपली पत्रिका समोर ठेवून स्वतः काय आणि कोणत्या क्रमाने बघावं, ते इथे मांडतो. उदाहरण म्हणून माझीच पत्रिका घेतली आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे परंपरेतलं वाचन आहे. यात ठरलेले नियम आहेत, पण पुराव्याने सिद्ध झालेलं शास्त्र म्हणून मी ते तुमच्यापुढे ठेवत नाही.

## काय काय हाताशी हवं

- जन्मतारीख, जन्मगाव आणि जन्मवेळ. जन्मदाखल्यावर सहसा वेळ नसते. ती दवाखान्याच्या नोंदीत, घरातल्या जुन्या जन्मटिपणात किंवा आई-मावशीच्या आठवणीत सापडते.
- जुनी हाताने केलेली पत्रिका असेल तर ती, आणि ती कोणत्या पंचांगावरून केली याची माहिती.
- अंतर्दशांच्या तारखा दाखवणारं कोणतंही कुंडलीचं सॉफ्टवेअर.
- एक वही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या मोठ्या घटना महिना-सालासकट आधीच लिहून काढा. पत्रिका बघायच्या आधी. नंतर लिहिल्या तर मन आपोआप ग्रहांना सोयीच्या तारखा आठवतं.

## १. दशा खरंच केतूची आहे का, ते तपासा

विंशोत्तरी दशा जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात होता त्यावरून सुरू होते. क्रम ठरलेला आहे: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. एकूण १२० वर्षं. म्हणजे केतू नेहमी बुधानंतर येतो आणि त्याच्यामागे शुक्र असतो.

यावरून वयाचा हिशोब लगेच लागतो. आश्लेषा, ज्येष्ठा, रेवती ही बुधाची नक्षत्रं. यांच्यावर जन्मलेल्यांना केतू १७ व्या वर्षाच्या आत लागतो. पुष्य, अनुराधा, उत्तराभाद्रपदा या शनीच्या नक्षत्रांवर १७ ते ३६ च्या दरम्यान. पुनर्वसू, विशाखा, पूर्वाभाद्रपदा या गुरूच्या नक्षत्रांवर ३६ ते ५२ च्या दरम्यान. आर्द्रा, स्वाती, शततारका या राहूच्या नक्षत्रांवर ५२ ते ७० मध्ये. अश्विनी, मघा, मूळ ही केतूची स्वतःची नक्षत्रं, त्यामुळे तिथे जन्मतःच उरलेली केतूदशा भोगायची असते. बाकीच्यांना ती सत्तरीनंतर, नाहीतर येतच नाही.

म्हणून रोहिणी नक्षत्राच्या तिशीतल्या मुलाला कोणी "केतूची महादशा आहे" म्हणत असेल, तर तो बहुधा अंतर्दशेबद्दल बोलतोय. केतूची अंतर्दशा प्रत्येक महादशेत येते आणि चार ते चौदा महिन्यांत संपते. या दोन्हींत गल्लत फार होते, आणि सात वर्षांची धास्ती काही महिन्यांसाठी घेतली जाते.

आता आपल्याकडचा खास घोळ. महाराष्ट्रात अनेक घरांमध्ये टिळक पंचांगावरून केलेल्या पत्रिका आहेत. सॉफ्टवेअर मात्र सहसा चित्रापक्ष, म्हणजे लाहिरी अयनांश धरतं. राशिचक्राची सुरुवात आकाशात कुठे धरायची, ते अयनांशावरून ठरतं. दोन्हींत सुमारे ४ अंशांचा फरक आहे. अख्खं नक्षत्र १३ अंश २० कलांचं, म्हणजे ४ अंश हा किरकोळ फरक नव्हे.

माझ्यापुरतं सांगतो. मे १९७५ चा जन्म, दुपारी साडेबाराचा सुमार. लाहिरीने माझा चंद्र तूळ राशीत २६ अंश ४० कलांवर येतो, म्हणजे विशाखा नक्षत्राच्या बरोबर मध्यावर. गुरूची अर्धी दशा शिल्लक, ८ वर्षं. त्यात शनीची १९ आणि बुधाची १७ मिळवली की केतू ४४ व्या वर्षी लागतो. टिळक पंचांगाने तोच चंद्र ४ अंश पुढे सरकतो आणि वृश्चिकेत जातो. नक्षत्र विशाखाच राहतं, पण गुरूची शिल्लक जेमतेम ३ वर्षं २ महिने उरते. केतू ३९ व्या वर्षीच लागतो. रासच बदलली आणि दशा जवळपास पाच वर्षं अलीकडे आली. घरातली जुनी पत्रिका आणि मोबाइलवरची पत्रिका जुळत नसेल, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

कोणती खरी, यावर वाद घालणारे घालोत. तुम्ही वहीतल्या जुन्या घटना दोन्ही तारखांना लावून बघा आणि जी पद्धत जुळेल ती धरा. मग सात वर्षं तीच ठेवा. अवघड महिना आला की पंचांग बदलणारे मी पाहिलेत.

आणखी दोन लहान फरक. सॉफ्टवेअरमध्ये दशेचं वर्ष ३६० दिवसांचं की ३६५ दिवसांचं असा पर्याय असतो. चव्वेचाळीस वर्षांत त्याने साडेसात महिन्यांचा फरक पडतो. आणि जन्मवेळ. चंद्र साधारण एका दिवसात एक नक्षत्र ओलांडतो. गुरूच्या नक्षत्रात त्या एका दिवसात १६ वर्षं मावतात, म्हणजे तासाला आठ महिने आणि दहा मिनिटांना चाळीस दिवस. जन्मवेळ "जेवणाच्या आसपास" एवढीच माहीत असेल, तर अंतर्दशेच्या तारखेला दिवसाच्या हिशोबाने चिकटू नका.

नाशिककरांसाठी एक टीप. आपली स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटं मागे आहे. जुने गुरुजी ती वजाबाकी हाताने करायचे आणि कधीकधी टिपणात वजा केलेलीच वेळ लिहून ठेवायचे. ती वेळ सॉफ्टवेअरमध्ये घातली की तीच वजाबाकी पुन्हा होते. लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास. माझं लग्न सिंह आहे, पण असं दोनदा झालं तर ते कर्केच्या उंबरठ्यावर जाऊन बसतं. लग्न बदललं की पुढचं सगळंच बदललं.

## २. केतू कोणत्या स्थानात आहे ते बघा, आकडा बघू नका

आपल्याकडची कुंडली चौकटीची असते. वरचं मधलं घर म्हणजे पहिलं स्थान, तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट्या दिशेने मोजायचं. घरात लिहिलेला आकडा राशीचा असतो, स्थानाचा नसतो. माझ्या कुंडलीत वरच्या घरात ५ आहे, म्हणजे सिंह लग्न. केतूच्या घरात २ लिहिलंय. नवखा माणूस म्हणणार, केतू दुसऱ्या स्थानात, म्हणजे घरातला पैसा आणि कुटुंब गेलं. पण २ म्हणजे वृषभ रास. ते घर उजवीकडचं मधलं, म्हणजे दहावं. कर्मस्थान. एका आकड्यापायी माणूस सात वर्षं बायकोच्या दागिन्यांची काळजी करत बसेल आणि नोकरीकडे बघणारच नाही.

स्थान कळलं की तीन गोष्टी नोंदवा.

पहिली, केतू ज्या राशीत आहे तिचा स्वामी कुठे आहे. केतूला स्वतःची सर्वमान्य रास नाही, तो भाड्याच्या घरात राहतो. त्यामुळे घरमालक कसा आहे यावर अर्धं फळ ठरतं. माझा केतू वृषभेत, मालक शुक्र. शुक्र अकराव्या स्थानात मिथुनेत, शनीबरोबर.

दुसरी, केतूच्या सोबत कोण आहे. माझ्याकडे रवी आहे, आणि तोही दोन-तीन अंशांच्या आत. सिंह लग्नाला रवी हा लग्नेश, म्हणजे लग्नराशीचा स्वामी, म्हणजे खुद्द मी. माझ्या जन्माच्या दुसऱ्याच दिवशी, २५ मे १९७५ ला, खग्रास चंद्रग्रहण होतं. आपल्याकडे तेव्हा दिवस होता, त्यामुळे ते दिसलं नाही. पण रवी, चंद्र आणि राहू-केतू एका रेषेत येत चालले होते, हे त्यावरून कळतं.

तिसरी, केतू कोणत्या नक्षत्रात आहे. माझा कृत्तिकेत. कृत्तिकेचा स्वामी पुन्हा रवी.

तीन उत्तरांपैकी दोन एकाच ग्रहाकडे बोट दाखवत असतील तर वाचन सोपं होतं. माझ्याकडे सगळं रवीकडे चाललंय: पद, नाव, "साहेब" म्हणवून घेणं.

"कुजवत् केतू" म्हणजे केतू मंगळासारखा वागतो, हे सूत्र तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. ते खरं मानलं तरी शेवटी धरा. केतू अचानक तोडतो एवढाच त्याचा अर्थ घेतला तरी पुरे. केतूला दृष्टी आहे की नाही, यावर ज्योतिष्यांचंच एकमत नाही. सुरुवातीला दृष्टीच्या भानगडीत पडू नका.

## ३. विरक्ती, नुकसान आणि उमज एकत्र वाचू नका

हीच खरी पायरी. केतूबद्दल बोलताना लोक या तिन्ही गोष्टी एकाच टोपलीत टाकतात. नोकरी गेली की म्हणायचं, "केतू वैराग्य देतोय." अहो, नोकरी जाणं हे वैराग्य नव्हे. ते नुकसान. वैराग्य म्हणजे नोकरी असताना तिच्यातली गोडी जाणं. तिन्हींसाठी पत्रिकेत वेगवेगळ्या जागा बघाव्या लागतात.

विरक्ती केतूच्या स्वतःच्या स्थानावरून वाचा. ज्या स्थानात केतू आहे, तिथली गोष्ट हातात असते पण हात सैल होतो. चौथ्या स्थानात केतू असेल तर घर असतं, पण घरी परतायची ओढ राहत नाही. दुसऱ्या स्थानात असेल तर साठवण्याची हौस जाते, घरच्यांशी बोलणं कमी होतं. सातव्या स्थानातल्या केतूवरून लोक सरळ घटस्फोटाची भीती घालतात. पण केवळ केतू सातवा असला की संसार थंडावतो, एकमेकांकडे दुर्लक्ष होतं, एवढंच वाचता येतं. मोडण्यासाठी सप्तमेश, म्हणजे सातव्या स्थानाचा मालक, आणि शुक्रही बिघडलेले असावे लागतात. खूण अशी: बाहेरून कोणी काही काढून घेतलेलं नसतं, तुम्हीच मागे सरकता.

नुकसान राशीस्वामीवरून आणि चालू अंतर्दशेच्या ग्रहावरून वाचा. राशीस्वामी सहाव्या, आठव्या, बाराव्या स्थानात पडलेला असेल किंवा नीचेचा, म्हणजे त्याच्या सर्वांत दुबळ्या राशीत असेल, तर गेलेली गोष्ट सहज भरून येत नाही. तो केंद्रात म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या स्थानात, त्रिकोणात म्हणजे पाचव्या, नवव्या स्थानात, किंवा अकराव्यात असेल, तर जातं ते दुसऱ्या वाटेने परत येतं. कधी, ते अंतर्दशा सांगते: अंतर्दशेचा ग्रह सहाव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानाचा मालक असेल किंवा तशा मालकाबरोबर बसला असेल, तर ते महिने जपायचे. एकट्या खुणेवर नुकसान लिहू नका. स्थान, स्वामी आणि अंतर्दशा या तिघांपैकी दोन तरी एकाच दिशेने बोलले पाहिजेत.

उमज शोधायची ती गुरूवरून आणि पाचव्या, आठव्या, नवव्या, बाराव्या स्थानांच्या मालकांवरून. बारावा केतू मोक्षासाठी चांगला मानतात तो याच अंगाने. पुराणकथेत धड वेगळं झालं ते केतू आणि शिर वेगळं झालं ते राहू. त्यावरून परंपरा असं वाचते की केतूला हिशोब करता येत नाही, पण उगाच विचार न करता त्याला काहीतरी थेट कळतं.

कळलंय की नुसतं वाटतंय, हे ओळखायला माझी एक साधी कसोटी आहे. खरी उमज निर्णय बदलते. काल हो म्हणाला असता त्याला आज तुम्ही नाही म्हणता, आणि त्याबद्दल चार लोकांना सांगावंसंही वाटत नाही. उलट "मला आता सगळं कळलंय, मला आधीच जाणवतं, स्वप्नात संकेत येतात" अशी भाषा सुरू झाली, तर तो केतू नाही, केतूपासून सातव्या घरात, समोर बसलेला राहू आहे. तो नेहमी समोरच असतो, हे विसरू नका.

## ४. सात वर्षांचे नऊ तुकडे करा

सात वर्षं एकसारखी जात नाहीत. अंतर्दशांचा क्रम आणि कालावधी सगळ्यांना सारखाच असतो, फक्त सुरुवातीची तारीख ज्याची त्याची:

- केतू: ४ महिने २७ दिवस
- शुक्र: १ वर्ष २ महिने
- रवी: ४ महिने ६ दिवस
- चंद्र: ७ महिने
- मंगळ: ४ महिने २७ दिवस
- राहू: १ वर्ष १८ दिवस
- गुरू: ११ महिने ६ दिवस
- शनी: १ वर्ष १ महिना ९ दिवस
- बुध: ११ महिने २७ दिवस

वहीत प्रत्येक तुकड्याला एक पान द्या. पानाच्या वर तो ग्रह तुमच्या पत्रिकेत कोणत्या स्थानांचा मालक आहे आणि कुठे बसलाय ते लिहा. खाली जे घडलं ते.

माझी दशा मे २०१९ ला सुरू झाली. तेव्हा मी सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागाचा प्रमुख होतो. केतूत केतू, ऑक्टोबर २०१९ पर्यंत: बाहेर काहीच घडलं नाही. मात्र ज्या खुर्चीसाठी वर्षानुवर्षं धडपडलो, तिच्यावर बसायचा कंटाळा यायला लागला. पुरवठादार भेटायला आले की पूर्वी मी त्यांना मुद्दाम थोडं ताटकळत ठेवायचो, त्यातही मजा राहिली नाही. दहावा केतू, सोबत रवी. ही विरक्ती.

मग शुक्र, डिसेंबर २०२० पर्यंत. माझ्या पत्रिकेत शुक्र दशमेश, पण सहाव्या-सातव्या स्थानाचा मालक असलेल्या शनीबरोबर, आणि आठव्या स्थानातल्या मंगळाची त्या दोघांवर चौथी दृष्टी. म्हणजे केतूचा राशीस्वामीच अंतर्दशेत, आणि तोही दबलेला. टाळेबंदीनंतर कंपनीने दोन विभाग एकत्र केले आणि माझं पदच काढून टाकलं. हे नुकसान. पण शुक्र अकराव्यात होता. हिशोबाची रक्कम बरी मिळाली, आणि काही महिन्यांत जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने अंबडच्या दोन छोट्या कारखान्यांचं काम कंत्राटावर मिळालं. अकरावं स्थान मित्रांचंही असतं. पद गेलं ते गेलंच, मिळकत मात्र वळसा घालून आली.

इथे थोडं थांबा. २०२० साली ज्यांना केतू नव्हता त्यांच्याही नोकऱ्या गेल्या. तेव्हा "केतूने नोकरी घालवली" हे वाक्य मी स्वतःपुरतंही म्हणत नाही. जे सगळ्या गावाचं झालं ते एका पत्रिकेच्या खात्यात टाकायचं नसतं. पत्रिकेवरून वाचण्यासारखं एवढंच: गेलं काय (पद), राहिलं काय (उत्पन्न), आणि मला ते कसं लागलं. मला फारसं लागलं नाही, कारण वर्षभर आधीच मी मनाने निघालो होतो.

रवी, चंद्र आणि मंगळ हे लहान तुकडे. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की चंद्र माझा व्ययेश, म्हणजे खर्चाच्या बाराव्या स्थानाचा मालक आहे आणि त्या सात महिन्यांत आईच्या औषधपाण्यावर पैसा सतत जात राहिला.

राहूचा तुकडा, एप्रिल २०२२ ते मे २०२३, मला सगळ्यात जड गेला. राहू चौथ्या स्थानात वृश्चिकेत, त्याचा मालक मंगळ आठव्यात. चौथं स्थान आईचं आणि घराचं. आई गेली, आणि पंचवटीतलं जुनं घर भावंडांत वाटणी करून विकावं लागलं. खरेदीखतावर सही करताना इतरांचे डोळे भरून आले होते. माझं लक्ष मात्र सब-रजिस्ट्रारच्या टेबलावरच्या अंगठ्याच्या यंत्राकडे होतं, ते दर वेळी दोनदा नकार देऊन तिसऱ्यांदा बोट घेत होतं. हे वैराग्य होतं का? मला नाही वाटत. तो धक्का होता. पुढे कित्येक आठवडे झोप नीट नव्हती. नवशिक्या लोकांनी इथेच फसू नये. दुःखाने बधिर होणं आणि विरक्त होणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. बधिरपणात आवडीच्या गोष्टीही बेचव होतात. विरक्तीत एका विशिष्ट गोष्टीतलं मन निघतं आणि बाकी आयुष्य चालू राहतं.

गुरू, एप्रिल २०२४ पर्यंत. पंचमेश आणि अष्टमेश, आठव्या स्थानात स्वतःच्या मीन राशीत. आठवं स्थान म्हणजे फक्त मृत्यू आणि संकट नव्हे. खोल जाऊन शोधणं, दडलेलं बाहेर काढणं हेही तिथलंच. याच काळात एका मोठ्या कंपनीतून पुन्हा विभागप्रमुख म्हणून यायचं बोलावणं आलं. पगार चांगला होता. मी नाही म्हणालो. मला खुर्चीत कधीच रस नव्हता, माल नापास का होतोय ते मुळापर्यंत जाऊन शोधण्यात रस होता, हे मला तेव्हा कळलं. पंचवीस वर्षं मी ते काम पदासाठीची शिडी समजत होतो. वहीत त्या पानावर "उमज" असं लिहिलं, आणि कारण म्हणून निर्णय लिहिला.

शनीत कामाचा बोजा वाढला, पैसे उशिरा आले, पण आले. बुध माझा धनेश आणि लाभेश, म्हणजे दुसऱ्या आणि अकराव्या स्थानाचा मालक आहे. सध्या थकलेली येणी वसूल होतायत.

## ५. उपाय सांगतील तेव्हा काय विचारायचं

नाशिकला राहतो म्हणजे त्र्यंबकेश्वर तासाभरावर. त्यामुळे केतू लागला म्हटल्यावर पहिला सल्ला तिथल्या शांतीचा येतो. तिथे होणारे विधी एकमेकांपासून वेगळे आहेत, हे आधी समजून घ्या. त्रिपिंडी श्राद्ध आणि नारायण नागबली हे पितरांसाठीचे विधी आहेत. नारायण नागबली तीन दिवस चालतो. कालसर्प शांती वेगळी. केतूची महादशा चालू असणं हे यांपैकी कोणत्याही विधीचं आपोआप कारण ठरत नाही.

कालसर्प तुम्हाला आहे का, हे घरीच बघता येतं. राहूपासून केतूपर्यंत एक अर्ध, केतूपासून राहूपर्यंत दुसरं. सातही ग्रह एकाच अर्धात असतील तर तो योग म्हणतात. एक जरी ग्रह दुसरीकडे असला तर नाही. माझे मंगळ आणि गुरू मीनेत, बाकीचे पाच दुसऱ्या बाजूला. तरीही मला एकाने "अंशतः कालसर्प" असल्याचं सांगून शांतीची यादी हातात ठेवली होती. अंशतः असा काही प्रकार नसतो.

गुरुजींना तीन गोष्टी विचारा: कोणता विधी, माझ्या पत्रिकेतल्या कोणत्या स्थितीसाठी, आणि दक्षिणेत साहित्य धरलंय का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "केतू आहे म्हणून" एवढंच आलं, तर घरी परत या. सांगणारा चांगला असेल तर तो स्थान आणि स्वामी यांचं नाव घेईलच.

लसण्या हा केतूचा खडा. तो घालायचा तर चालू दशा आहे एवढ्यावर घालू नका. परंपरेप्रमाणे खडा ग्रहाचं बळ वाढवतो. केतू ज्या स्थानात तोडतोय तिथे त्याचं बळ वाढवायचं का, हा साधा प्रश्न सराफाच्या दुकानात कोणी विचारत नाही. गणपतीची उपासना, कुळथाचं किंवा घोंगडीचं दान हे पारंपरिक उपाय खिशाला झेपणारे आहेत आणि त्यात फसवणुकीला जागा कमी. मी संकष्टीला नवश्या गणपतीला जात राहिलो. त्याने ग्रह हलले की नाही ते सोडा, आनंदवल्लीपर्यंत नदीच्या कडेने चालणं व्हायचं.

## ६. दशेच्या नावाखाली काय झाकू नये

झोप उडणं, भूक जाणं, सकाळी उठावंसं न वाटणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर त्याला केतू म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटत असेल तर वाट बघू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. घरातल्यांनाही हे सांगून ठेवा, कारण "त्याची दशाच तशी आहे" म्हणून तेच सगळ्यात आधी दुर्लक्ष करतात.

तसंच राजीनामा, घर विकणं, संन्यास घेतल्यासारखं नातं तोडणं, हे निर्णय केतूच्या पहिल्या अंतर्दशेत करू नका. त्या पाचेक महिन्यांत विरक्ती नवी असते आणि तिचा जोर जास्त वाटतो. वहीत लिहून ठेवा, शुक्राची अंतर्दशा सुरू झाल्यावर पुन्हा वाचा. तरीही तेच वाटत असेल तर पुढचं पाऊल टाका, आणि त्याआधी भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि सहा महिन्यांचा घरखर्च यांचा हिशोब कागदावर मांडा.

शेवटची बुधाची अंतर्दशा लागली की लोक लगेच शुक्राच्या वीस वर्षांची स्वप्नं बघायला लागतात. शुक्र तुमच्या पत्रिकेत कुठे आहे ते आधी बघा. माझ्याकडे तो अजूनही शनीबरोबरच बसलेला आहे, त्यामुळे मी फक्त नवीन वही आणून ठेवली आहे.